सिंक तुंबतं कुठे? भामरागडच्या ओट्यापासून शोषखड्ड्यापर्यंत

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात त्यांचं पाणी चढलं की गावातल्या नाल्यांना, शोषखड्ड्यांना आणि स्वयंपाकघरातल्या सिंकलाही ते जाणवतं. मोठ्या शहरात सिंकमधून गेलेलं पाणी रस्त्याखालच्या गटारात शिरतं आणि घरच्यांच्या नजरेतून कायमचं जातं. इथे त्याचा प्रवास फार छोटा असतो. ओट्याखालचा पाइप भिंतीतून बाहेर पडतो, अंगणातल्या एका चौकोनी चेंबरमध्ये येतो आणि तिथून शोषखड्ड्यात, परसबागेत किंवा घरापुढच्या नालीत जातो. सगळा मार्ग पाच ते दहा पावलांचा असतो. म्हणूनच इथल्या माणसाला शहरातल्या माणसापेक्षा एक मोठी सोय आहे. सिंक तुंबलं तर पाणी नेमकं कुठे अडलं, हे त्याला एकही पाना न वापरता शोधता येतं.

अडण्याच्या जागा तीनच असतात. पहिली सिंकच्या अगदी खाली, जाळी आणि ट्रॅपमध्ये. दुसरी ट्रॅपपासून चेंबरपर्यंतच्या आडव्या पाइपात. तिसरी चेंबरच्या पुढे, म्हणजे खड्ड्यात किंवा नालीत. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तिसऱ्या जागी अडथळा असताना पहिल्या जागी कितीही पंप मारला, गरम पाणी ओतलं, पावडर टाकली तरी एक थेंबही हलत नाही. घरातली मेहनत आणि पैसा बहुतेक वेळा इथेच वाया जातो. त्यामुळे हात लावण्याआधी चेंबरचं झाकण उघडून बघायचं.

सिंकमध्ये पाणी साचलेलं असताना चेंबर कोरडं किंवा जवळजवळ रिकामं असेल, तर अडथळा घराच्या बाजूला आहे. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल, तर घरातला पाइप निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे आणि दोष पुढे खड्ड्याकडे आहे. एक तिसरी खूणही बघावी. सिंकमध्ये ओतलेलं पाणी न्हाणीत वर येत असेल, किंवा न्हाणीत बादलीभर पाणी ओतल्यावर सिंकमधून गुडगुड आवाज येत असेल, तर दोन्हींचा एकच पाइप पुढे अडला आहे. न्हाणीचं पाणी सुरळीत जात असेल, तर बिघाड फक्त सिंकच्या फांदीत आहे. या तीन खुणांनी निम्मं काम होतं, आणि प्लंबर बोलवावा लागला तरी त्याला काय सांगायचं ते ठरतं.

आता त्या पाइपात नेमकं काय अडतं ते बघू. सिंक खरकट्याने तुंबतं असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. भाताची शितं आणि भाजीची देठं जाळीतून निसटतात खरी, पण त्यांना पाइपाच्या भिंतीवर धरून ठेवणारं काहीतरी आधी तिथे असावं लागतं. ते धरून ठेवण्याचं काम तेल करतं. गरम पाण्याबरोबर तेल पातळ होऊन खाली जातं, आणि एक-दोन हातांवर थंड पाइपाला लागताच त्याचा पातळ थर भिंतीवर चिकटतो. रोज एक थर बसत जातो आणि मधली वाट अरुंद होते. मग एखाद्या दिवशी शितांचा गोळा किंवा तारेच्या घासणीचा तुकडा तिथे येऊन अडकतो.

भामरागडच्या बाबतीत यात एक खास गोष्ट आहे. इथल्या घरांत मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल पिढ्यान्‌पिढ्या काढलं आणि वापरलं जातं. त्यात पामिटिक आणि स्टिअरिक ही घट्ट होणारी स्निग्धाम्लं भरपूर असतात. त्यामुळे उन्हाळ्यात पातळ दिसणारं हे तेल थंडीत लोण्यासारखं घट्ट होतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इथला पारा बराच खाली उतरतो, आणि बाहेरच्या भिंतीलगत उघडा गेलेला पाइप घरातल्या हवेपेक्षाही थंड असतो. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल त्या थंडीत बरंच वाहतं राहतं. टोळीचं तेल, डालडा आणि चरबी मात्र जागीच थिजतात. एकाच घरातलं सिंक उन्हाळ्यात नीट वाहतं आणि संक्रांतीच्या आसपास तुंबतं, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

त्यात पेज येते. तांदळाचा स्टार्च गरम असताना पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो, पण थंड होताना पुन्हा घट्ट होऊ लागतो. पातेल्यात रात्रभर राहिलेली पेज सकाळी थरथरते, तेच पाइपात होतं. आणि त्यात राख येते. चुलीच्या राखेने भांडी घासणं हा उत्तम रिवाज आहे. राखेतला क्षार तेलाशी मिळून थोडाफार साबण करतो, म्हणूनच तेलकट कढई राखेने निघते. पण राखेचा मोठा भाग पाण्यात विरघळत नाही. तो खाली बसतो, आणि सिंकखालच्या ट्रॅपचा तळ हीच त्याची ठरलेली जागा असते. लाकडाच्या राखेत कॅल्शियम बरंच असतं आणि बोअरच्या पाण्यातही ते असतं. तेलातल्या आम्लांशी कॅल्शियम मिळालं की जो साबण तयार होतो तो पाण्यात विरघळत नाही, फेस देत नाही आणि मेणासारखा कठीण होत जातो.

ही क्रिया किती थराला जाऊ शकते हे लंडनमध्ये दिसलं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये व्हाइटचॅपल भागातल्या जुन्या गटारात सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा चरबीचा अडथळा सापडला. तो फोडून बाहेर काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले, आणि त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या संग्रहालयात मांडण्यात आला. त्यातही तेल, ओले कागदी रुमाल आणि कॅल्शियमचा साबण असंच मिश्रण होतं. भामरागडच्या दोन इंच पाइपात जे घडतं ते त्याच रसायनशास्त्राचं आहे, फक्त पसारा लहान आहे.

हे कळलं की कॉस्टिक सोड्याची पावडर सिंकमध्ये का टाकू नये हेही कळतं. बाजारातल्या पाइप मोकळा करणाऱ्या बहुतेक पावडरींत कॉस्टिकच असतो. तो पाण्यात पडला की खूप उष्णता निघते आणि तो तेलाचा साबण करतो. पाणी वाहत असेल तर हा साबण पुढे निघून जातो. पण आपण पावडर टाकतो तेव्हा पाणी अडलेलंच असतं. साबण जागेवरच तयार होतो, पाण्यातल्या आणि राखेतल्या कॅल्शियमशी मिळतो आणि थंड झाल्यावर अडथळा पूर्वीपेक्षा कडक होतो. उष्णतेने पीव्हीसीचा पाइप मऊ पडून वाकतो आणि सांधे सुटतात. सिंकमध्ये ॲल्युमिनियमचं भांडं असेल तर कॉस्टिकशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो, आणि त्याच ओट्यावर शेगडी पेटलेली असते. याहून वाईट म्हणजे, पावडरने काम झालं नाही म्हणून काही जण त्यावर ॲसिड ओततात. तेव्हा मिश्रण उसळून तोंडावर येतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जीवावर बेतू शकतो. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर ताबडतोब वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटं डोळा धूत राहायचा आणि मग दवाखान्यात जायचं. धुण्याआधी दवाखान्याच्या वाटेला लागलं तर बुबुळाचं नुकसान वाटेतच होतं.

आणखी एक कारण इथलंच आहे. हे पाणी शेवटी परसबागेत किंवा खड्ड्यात जातं. शोषखड्ड्यात घाण पचवणारे जीवाणू असतात, आणि त्यांच्यामुळेच दगडांवर बसलेला चिकट थर मर्यादेत राहतो. कॉस्टिकने ते मरतात. सिंक एका दिवसासाठी मोकळं होतं आणि खड्डा काही महिने आधी भरतो.

रसायनाविना काम कसं करायचं ते एका घराच्या उदाहरणाने बघू. घर बाजारपेठेच्या मागचं आहे असं धरू. स्टीलचं सिंक, खाली घडीदार वेस्ट पाइप, भिंतीतून गेलेला दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि अंगणात चार मीटरवर चेंबर. जानेवारीची सकाळ आहे. सिंकमध्ये वीतभर पाणी साचलंय, न्हाणीचं पाणी नीट जातंय आणि चेंबर कोरडं आहे. म्हणजे अडथळा सिंक आणि चेंबरच्या मध्ये आहे.

सर्वात आधी तांब्याने साचलेलं पाणी बादलीत काढायचं. गरम पाणी ओतण्याची घाई इथे नडते. साचलेल्या थंड पाण्यावर ओतलेलं गरम पाणी वरच राहतं, अडथळ्यापर्यंत पोचेतो ते कोमट झालेलं असतं आणि तेलाला त्याची झळही लागत नाही. पाणी काढल्यावर ओट्याखाली बादली ठेवून वेस्ट पाइपचं वरचं चाक हाताने सैल करायचं. बऱ्याच घरांत इथे बॉटल ट्रॅप असतो. त्याचा खालचा पेला हातानेच फिरवून निघतो. आत राखेचा काळा गाळ, मिरचीच्या बिया, शितं आणि घासणीच्या तारा असं सगळं असतं. हे त्याच सिंकमध्ये धुवायचं नाही, अंगणात न्यायचं. पेल्यावरची रबरी रिंग आधी बाजूला काढून ठेवायची. ती हरवली किंवा उलटी बसली की नंतर थेंब गळतच राहतो आणि लोक पाइप फुटला असं समजतात.

ट्रॅप का असतो, हे इथे सांगायला हवं. पेल्यात किंवा वाकवलेल्या पाइपात नेहमी थोडं पाणी साठून राहतं, आणि ते पाणीच चेंबरमधला वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. वाकलेल्या नळीत पाण्याचा पडदा ठेवून वास अडवण्याच्या रचनेचं पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये घेतलं. आज भामरागडच्या ओट्याखाली तीच युक्ती काम करते. म्हणून सतत तुंबतं या रागाने ट्रॅप काढून सरळ नळी बसवणं हा उपाय नव्हे. पाणी झटकन जाईल, पण चेंबरचा वास थेट स्वयंपाकघरात येईल.

समजा आपल्या घरात ट्रॅप साफ झाला आणि तरी पाणी जात नाही. आता पंप घ्यायचा, म्हणजे लाकडी दांड्याची रबरी वाटी. ती चालते ती पाण्याच्या जोरावर. हवा दाबली जाते आणि पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे वाटीखाली हवा राहिली तर आपला जोर हवेतच जिरतो. वाटी बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये ठेवायचं आणि ती तिरकी करून आत हवा न राहू देता जाळीवर बसवायची. सिंकला वरच्या बाजूला पाणी बाहेर जाण्याचं भोक असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरायचं. आपल्याकडे आणखी एक जागा विसरली जाते. घडीदार पाइप भिंतीतल्या पीव्हीसीत नुसता खोचलेला असतो, घट्ट बसवलेला नसतो. पंपाचा सगळा जोर त्या फटीतून बाहेर पडतो आणि ओट्याखाली घाण पाणी उडतं. तिथेही ओलं फडकं गच्च गुंडाळायचं. मग पंधरा-वीस वेळा वर-खाली करायचं, आणि लक्ष वर ओढण्यावर ठेवायचं. खाली ढकलल्याने अडथळा आणखी दाबून बसतो. वर ओढल्याने तो जागचा हलतो, आणि हललेला गोळा पाणी स्वतःच पुढे नेतं.

पंपानेही निघालं नाही तर अडथळा किती आत आहे हे मोजता येतं, आणि या सगळ्या कामातली मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच आहे. त्यासाठी अडथळ्यातून थोडं तरी पाणी झिरपत असावं लागतं. रात्रभर सिंक वापरायचं नाही, म्हणजे पाइप झिरपून रिकामा होतो. सकाळी भिंतीतल्या पाइपाच्या तोंडाशी मोजाच्या भांड्याने पाणी भराभर ओतायचं आणि ते तोंडाशी कधी येतं ते बघायचं. ५० मिलिमीटरच्या पाइपाच्या एका मीटरमध्ये साधारण पावणेदोन लिटर पाणी मावतं. साडेतीन लिटरला पाणी तोंडाशी आलं, म्हणजे अडथळा दोन मीटरच्या आसपास आहे. ७५ मिलिमीटरचा पाइप असेल तर मीटरमागे चार लिटर धरावं. पाणी मध्ये झिरपत असल्याने हा अंदाजच असतो, पण अडथळा सिंकच्या बाजूने गाठायचा की चेंबरच्या, हे ठरवायला तो पुरतो. आपल्या घरात चार मीटरपैकी दोन मीटरवर अडथळा निघाला. चेंबरच्या बाजूने पाइप सरळ आहे आणि सिंकच्या बाजूने दोन कोपरे आहेत. तेव्हा चेंबरकडून जावं.

इथे बांबू कामाला येतो. गडचिरोलीच्या जंगलात बांबूची वाण नाही, आणि पाइप साफ करायला चिरलेली हिरवी कामटी ही जुनी, खात्रीची वस्तू आहे. वाळलेली कामटी पाइपात मोडते आणि तिचा तुकडा दुसरा अडथळा होतो, म्हणून हिरवीच घ्यावी. बोटभर रुंद, दोन-अडीच मीटर लांब कामटीच्या कडा कोयत्याने घासून गुळगुळीत कराव्यात आणि टोक गोल करावं. टोकदार ठेवलं तर ते सांध्यात रुततं. ती चेंबरमधून आत सारून अडथळ्याला लागली की पुढे ठोकायची नाही. फिरवत फिरवत मागेपुढे करायची, म्हणजे मेणासारख्या थरात वाट पडते. मागे काढताना तिला जे चिकटून येतं ते वास घेऊन ओळखावं. खवट वासाचा पांढुरका लगदा म्हणजे तेल. काळा, बारीक, निसरडा गाळ म्हणजे राख. लालसर माती आली तर पाइप जमिनीत कुठेतरी फुटलाय, आणि तिथे घरचं काम थांबतं.

वाट पडल्यावर गरम पाण्याची वेळ येते. गंजात उकळलेलं पाणी आणि तेवढंच नळाचं पाणी एकत्र केलं की तापमान साधारण साठ-पासष्ट अंश होतं. थिजलेलं टोळीचं तेल वितळायला एवढं भरपूर झालं, आणि पीव्हीसीला त्याने धोका नाही. नुसतं उकळतं पाणी ओतू नये, कारण ऐंशी अंशांच्या आसपास हा पाइप मऊ होऊ लागतो. अशा पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी धुण्याचा सोडा विरघळवून, हातात रबरी मोजे घालून, ते पाणी एका दमात ओतायचं. सोड्याचा क्षार कॉस्टिकच्या तुलनेत फार सौम्य असतो, तरी तेलाचे कण भिंतीवरून सोडवायला तो मदत करतो. आधी कोणी कॉस्टिक किंवा ॲसिड टाकलं असेल तर मात्र हे करू नये. यानंतर लगेच भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी दोन बादल्या सोडायचं. हे टाळलं तर वितळलेलं तेल दोन मीटर पुढे जाऊन पुन्हा थिजतं आणि आठवड्याने तीच तक्रार चेंबरच्या तोंडाशी उभी राहते. शेवटी चेंबरमध्ये तरंगून आलेला लगदा झाऱ्याने काढून मातीत पुरावा. तो नालीत ढकलला तर त्रास शेजारच्याकडे जातो, एवढंच.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. दोन्ही एकत्र आले की फसफसतं आणि काहीतरी जोरात घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात निघालेला वायू सिंकच्या उघड्या तोंडातून वर निघून जातो, आणि सोडा व आम्ल एकमेकांना मारून मागे जवळजवळ साधं खारं पाणी उरतं. जाळीजवळचा वास आणि हलका थर यासाठी ते ठीक आहे. थिजलेल्या तेलाचा किंवा राखेचा अडथळा त्याने फुटत नाही. त्यापेक्षा तोच सोडा कोरडा वापरून जाळी घासली तर जास्त उपयोग होतो.

आता तिसऱ्या जागेकडे वळू, म्हणजे चेंबर भरलेलं असताना. संध्याकाळी सिंक आणि न्हाणी बंद ठेवून चेंबरमधल्या पाण्याच्या पातळीला खडूने खूण करायची. सकाळी पातळी खाली गेली असेल तर खड्डा अजून पाणी पितोय, त्याच्यावर फक्त भार जास्त होतोय. पातळी तसूभरही हलली नसेल तर खड्डा बसला आहे. साधा शोषखड्डा दगड-विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. तेल आणि गाळ दगडांवर थर करतात आणि मातीची छिद्रं बुजवतात. उन्हाळ्यात तो उकरून दगड बाहेर काढावेत, धुऊन उन्हात वाळवावेत, खड्ड्याच्या भिंती खुरप्याने खरवडाव्यात आणि दगड परत भरावेत. नांदेड जिल्ह्यात गावोगावी जे जादुई शोषखड्डे झाले त्यांची रचना यात अधिक सोयीची आहे. तिथे मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी असते आणि भोवती दगड असतात. गाळ टाकीतच बसतो, त्यामुळे सगळा खड्डा न उकरता फक्त टाकी उपसली की काम होतं. नवीन खड्डा करणाऱ्याने हीच रचना करावी, आणि विहीर किंवा हातपंपापासून तो लांब ठेवावा.

पावसाळ्यात मात्र हा सगळा हिशोब बदलतो. जमिनीतलं पाणी वर आलं की खड्डा खालूनच भरतो, आणि त्याच्यात जाणारं पाणी जागा नसल्याने थांबतं. पर्लकोटा चढली की नालीतलं पाणीही उलटं येतं. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागड पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेलं, तेव्हा ज्यांच्या घरात पूर शिरला नव्हता त्यांच्याही न्हाणीच्या ट्रॅपमधून पाणी वर येणं स्वाभाविक होतं. सिंक ओट्यावर असतं आणि न्हाणीचं भोक जमिनीवर, त्यामुळे मागे येणारं पाणी आधी न्हाणीत दिसतं. सिंकमध्ये पाणी साचलंय, न्हाणीतूनही वर येतंय आणि नदी चढलेली आहे, अशा वेळी दोष ना पाइपाचा ना ट्रॅपचा. तेव्हा पंप, कामटी, सोडा यांपैकी कशाचाही उपयोग नाही आणि प्लंबरही काही करू शकत नाही. न्हाणीच्या भोकात फडकं गुंडाळलेला लाकडी गुटका ठोकून बसवायचा, त्यावर वाळूची पिशवी ठेवायची, भांडी अंगणात बादलीत धुवायची आणि नदी उतरायची वाट बघायची.

पूर ओसरल्यावर एका कामाला उशीर करू नये. नदीचा गाळ फार बारीक असतो. ओला असेपर्यंत तो फावड्याने सहज निघतो. ऊन पडून चार दिवस झाले की चेंबरमध्ये आणि पाइपाच्या तोंडाशी तो विटेसारखा कडक होतो. म्हणून पाणी उतरल्या दिवशीच चेंबर उपसावं, मग चेंबरकडच्या बाजूने पाइपात साधं पाणी मारून गाळ मोकळा करावा. नंतर वासासाठी ब्लीचिंग पावडर टाकायची असेल तर जवळपास ॲसिड नाही याची खात्री करावी.

प्लंबर कधी बोलवायचा, हे आता बरंच स्पष्ट होतं. ट्रॅप साफ आहे, चेंबर कोरडं आहे आणि दोन्ही बाजूंनी कामटी घालूनही वाट पडत नाही, तेव्हा बोलवावा. कामटीला माती आली, भिंतीवर ओल चढली किंवा अंगणातली जमीन विनाकारण खचली, तर पाइप फुटला आहे आणि तो उकरूनच बदलावा लागेल. सिंक मोकळं केल्यावर दर पंधरवड्याला त्याच जागी तुंबत असेल, तर पाइपाचा उतार चुकलाय. पाइप मीटरमागे साधारण अडीच सेंटिमीटर उतरता हवा. मध्ये झोळ पडला असेल तर तिथे पाणी उभं राहतं आणि राख बसतच राहते. हे साफसफाईने कधीच बरं होत नाही.

एका प्रसंगी मात्र प्लंबरनेही हात लावू नये. काही घरांत सिंकचं पाणी शौचालयाच्या टाकीत किंवा खड्ड्यात सोडलेलं असतं. ती भरली की सिंक आणि शौचालय एकदमच तुंबतं. त्या टाकीत कोणी उतरू नये, वाकून आत डोकंही घालू नये. तिथला वायू काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. माणसाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. टाकी उपसणारं यंत्रच बोलवावं लागतं. दोन खड्ड्यांच्या शौचालयात तर स्वयंपाकघराचं पाणी सोडूच नये. ते खड्डे कोरडे पडून खत होण्यासाठी असतात, रोजच्या धुण्याच्या पाण्यासाठी नाही.

भामरागडमध्ये हाताशी माणूस नसेल तर आलापल्लीहून बोलवावा लागतो. ते अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचं आहे, आणि चुकीच्या मापाचा पाइप घेऊन आलेला माणूस दिवस वाया घालवून परत जातो. म्हणून फोन करण्याआधी पाइपाचं माप घ्यावं. एक दोरा पाइपाभोवती एकदा गुंडाळायचा आणि त्याची लांबी पट्टीवर मोजायची. दोरा १५७ मिलिमीटर भरला तर पाइप ५० चा, २३५ भरला तर ७५ चा, आणि ३४५ च्या आसपास भरला तर ११० चा. हा आकडा सांगावा. चेंबर भरलेलं आहे की कोरडं, न्हाणी चालू आहे की नाही, किती लिटरला पाणी तोंडाशी आलं आणि कामटीला काय चिकटून आलं, तेही सांगावं. सर्वात महत्त्वाचं म्हणजे पाइपात आधी कॉस्टिक किंवा ॲसिड टाकलं असेल तर ते लपवू नये. ट्रॅप उघडताना ते पाणी सरळ त्याच्या हातावर आणि डोळ्यांत येतं. सांगितलं तर तो मोजे आणि चष्मा घालून काम करेल.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी सिंकचं भोक फडक्याने बंद करून ते काठोकाठ भरायचं आणि फडकं एकदम काढायचं. एक जण ओट्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरून सांध्यांवर बघेल, दुसरा अंगणात चेंबरवर. पाणी चेंबरमध्ये एका धारेत आलं, मध्ये गुडगुडलं नाही आणि कागदावर एकही ओला ठिपका उमटला नाही, तर काम पक्कं झालं. धार आधी जोरात येऊन मग बारीक झाली, तर अडथळ्याचा काही भाग अजून आत आहे, आणि माणूस अंगणात उभा आहे तोवरच ते त्याला दाखवावं.